बारा जागा, तीन हजार रुपये

नवशिक्यांसाठी फोटोग्राफीची कार्यशाळा आहे, असं सांगणारी पोस्ट बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेली असते. वर वाघाचा देखणा फोटो असतो आणि खाली ‘बेसिक ते ॲडव्हान्स’, ‘मर्यादित जागा’, ‘माफक शुल्क’, ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ अशा ओळी असतात. ज्याला खरोखर शिकायचं आहे, त्याच्या मनातले प्रश्न वेगळेच असतात. चार वर्षं कपाटात पडलेला कॅमेरा चालेल का? नुसता मोबाइल असेल तर यावं का? दोन दिवसांत नेमकं काय जमायला लागेल? पैसे भरले आणि आयत्या वेळी जमलं नाही, तर काय? यांतल्या एकाचंही उत्तर कॅप्शनमध्ये नसतं. मग विचारणारे फोन करतात, आयोजक तेच ते उत्तर देत राहतात आणि लाजाळू माणूस फोन न करताच पोस्ट पुढे सरकवतो. अगदी नवखा माणूस बहुधा असाच असतो, आणि कार्यशाळा तर त्याच्यासाठीच ठेवलेली असते.

मी गेली बरीच वर्षं नवशिक्यांना कॅमेरा शिकवतो. माझं ठाम मत आहे की अशी कॅप्शन शब्द कमी पडले म्हणून फसत नाही. कार्यशाळेचा हिशोब झालेला नसतो, म्हणून ती फसते. अभ्यासक्रम, जागा, फी आणि सोबत काय आणायचं या चार गोष्टी एकाच वेळापत्रकातून निघतात. वेळापत्रक पक्कं असेल, तर कॅप्शन लिहायला अर्धा तास पुरतो. ते नसेल, तर ‘मर्यादित’ आणि ‘माफक’ अशा शब्दांचा आधार घ्यावा लागतो.

एक उदाहरण मुळापासून घेऊ. कार्यशाळा पुण्यात आहे, शनिवार १२ आणि रविवार १३ डिसेंबर २०२६ रोजी. शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सभागृहात शिकणं आणि सराव. रविवारी पहाटे उठून महात्मा फुले मंडईत प्रत्यक्ष फोटो काढणं, नऊ वाजता आटोपून नाश्ता, आणि दहा ते साडेबारा सभागृहात त्या फोटोंवर चर्चा. बस, एवढंच.

या दोन दिवसांतली सगळ्यांत महाग वेळ म्हणजे रविवारची चर्चा. शनिवारी सांगितलेलं डोक्यात किती गेलं, ते तिथे पडद्यावर दिसतं. प्रत्येकाने मंडईत काढलेल्यांपैकी तीन फोटो निवडायचे. एका फोटोला तीन मिनिटं धरली, तर माणशी नऊ मिनिटं होतात. बारा जण असतील तर १०८ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांच्या थोडं वर. मध्ये चहा, फोटो उघडायला लागणारा वेळ, कोणाचा तरी प्रश्न, असं धरून अडीच तासांत हे नीट बसतं. वीस जण घेतले तर तीन तास नुसत्या फोटोंनाच लागतात. मग साडेबारा वाजले की शेवटच्या सहा-सात जणांचे फोटो ‘छान आहेत, पुढे बघू’ म्हणून उरकले जातात. त्यांनी फी तेवढीच भरलेली असते.

मंडईतला हिशोबही याच आकड्यावर येतो. गाळ्यांमधल्या वाटा अरुंद आहेत. सकाळी तिथे पाट्या उतरत असतात, गिऱ्हाईक पिशव्या घेऊन उभं असतं. एक शिक्षक आणि एक मदतनीस यांनी सहा-सहा जणांचे दोन गट केले, तर सगळे पांगून काम करू शकतात आणि प्रत्येकाच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर निदान दोनदा नजर टाकता येते. वीस कॅमेरे एकदम एका वाटेत शिरले, तर भाजीवाल्या मावशी वैतागतील आणि त्यांचं वैतागणं रास्तच असेल. म्हणून जागा बारा. हा आकडा कॅप्शनमध्ये कारणासकट लिहावा: ‘फक्त १२ जागा, कारण प्रत्येकाच्या फोटोंवर स्वतंत्र चर्चा होईल.’ या अर्ध्या वाक्याने वाचणाऱ्याला कळतं की आकडा घाई करायला लावण्यासाठी टाकलेला नाही, आणि आपल्याला काय मिळणार आहे तेही कळतं.

आता अभ्यासक्रम. ‘ॲपर्चर, शटर स्पीड, आयएसओ, कॉम्पोझिशन’ अशी यादी सगळेच देतात. ज्याला या शब्दांचा अर्थ माहीत आहे, त्याला नवशिक्यांच्या कार्यशाळेची गरज नसते. ज्याला गरज आहे, त्याला त्या शब्दांतून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी कार्यशाळेनंतर माणसाला काय जमेल ते लिहावं. पण ते लिहायचं तर आपण काय शिकवणार आहोत, ते स्वतःला बारकाईने माहीत हवं.

मंडईतला एक प्रसंग घेऊ. गाळ्यावर बल्ब लटकतोय, बाई तराजूत वांगी घालताहेत. डोळ्यांना उजेड भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो फार कमी असतो. अशा उजेडात साधारणपणे ॲपर्चर एफ/४, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ १६०० असा मेळ बसतो. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे, शटर म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं, आणि आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो. इथे नवशिक्याची अडचण अशी होते की कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/४ च्या तुलनेत उजेड निम्मा झाला. आता दोनच वाटा उरतात. एक तर शटर १/६० वर आणायचं, म्हणजे तराजूवरचा हात फोटोत पुसट होणार आणि स्वतःचाही हात हलला तर सगळंच पुसट. नाहीतर आयएसओ ३२०० करायचं, म्हणजे फोटोत दाणे थोडे वाढतील, पण हात स्पष्ट येईल. तिसरी, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत चांगली वाट म्हणजे झूम सोडून दोन पावलं पुढे जायचं. लेन्स १८ वर असताना ती एफ/३.५ पर्यंत उघडते.

ऑटोवर ठेवलेला कॅमेरा ही निवड माणसाला न विचारता करतो. फोटो पुसट आला, तर चूक फोकसची की हाताची, हेही नवशिक्याला कळत नाही. ते ओळखायची खूण सोपी आहे. पडद्यावर फोटो मोठा करून पाहायचा. बाईंच्या मागची भिंत धारदार आणि फक्त हात पुसट असेल, तर शटर हळू पडलंय. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हललाय. भिंत धारदार पण बाई संपूर्ण मऊ दिसत असतील, तर फोकस भिंतीवर गेलाय. शनिवारी एवढं शिकवून रविवारी तपासता आलं, तर दोन दिवस सत्कारणी लागले. म्हणून कॅप्शनमधली अभ्यासक्रमाची ओळ अशी होते: ‘कमी उजेडात न हललेला फोटो काढणं; माणूस स्पष्ट आणि मागचं पुसट ठेवणं; फोटो बिघडला तर का बिघडला ते ओळखणं.’ आणि लगेच पुढे, ‘एडिटिंग आणि फ्लॅश या कार्यशाळेत नाही.’ काय नाही ते लिहायला आयोजक कचरतात. पण लग्नाचे फोटो काढण्याच्या तयारीने आलेला एखादा तरुण दुसऱ्या दिवशी निराश होऊन जातो, तेव्हा त्या एका वाक्याची किंमत कळते.

याच ठिकाणी मोबाइलचा प्रश्न सुटतो. बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात ॲपर्चर बदलता येत नाही, ते कायमचं ठरलेलं असतं. शटर आणि आयएसओ अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो’ मोडमध्ये बदलता येतात. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात तेही हाताने ठरवता येत नाही, वेगळं ॲप घ्यावं लागतं. म्हणजे वर सांगितलेला धडा मोबाइलवर अर्धाच होतो. ‘मोबाइल चालेल’ असं लिहून माणसं गोळा करणं अप्रामाणिक आहे. मोबाइलवाल्यांसाठी उजेड, चौकट आणि क्षण यांवर वेगळी कार्यशाळा घ्यावी, ती सुंदर होते. या कार्यशाळेच्या कॅप्शनमध्ये मात्र सरळ लिहावं: ‘डायलवर M असलेला कोणताही कॅमेरा.’ कंपनी कोणती, मॉडेल किती जुनं, याने काही बिघडत नाही.

फीबद्दल आपल्याकडे फार संकोच असतो. ‘फीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मी माणसं मेसेज करतच नाहीत. फी कशी ठरते ते पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, गावागणिक बदलतील. सभागृहाचं दीड दिवसाचं भाडं ६,००० रुपये. प्रोजेक्टर १,५००. मदतनिसाचं मानधन ३,०००. चहा, शनिवारचं जेवण आणि रविवारचा नाश्ता, चौदा माणसांचं माणशी ३०० प्रमाणे ४,२००. टिपणांच्या छापील प्रती आणि प्रत्येकाच्या एका फोटोची प्रिंट, मिळून १,३००. हे झाले १६,०००. शिक्षकाचं दोन दिवसांचं आणि तयारीचं मानधन १४,००० धरलं, तर एकूण ३०,०००. याला बाराने भागलं की २,५०० येतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण बाराही जागा दर वेळी भरत नाहीत, आणि भरलेल्यांतलं कोणीतरी आयत्या वेळी आजारी पडतं. म्हणून भागायचं दहाने. फी ३,००० रुपये. दहा जण आले तर सगळा खर्च आणि मानधन निघतं. आठच आले, तर २४,००० जमतात. खर्च भागतो, पण शिक्षकाच्या मानधनाला मोठी कात्री लागते. त्याहून कमी झाले, तर कार्यशाळा पुढे ढकललेली बरी. हा आठचा आकडाही कॅप्शनमध्ये असावा, आणि त्यासोबत पूर्ण पैसे परत करण्याचं वचनही.

फीच्या ओळीत रकमेशेजारी तीन गोष्टी हव्यात: तिच्यात काय काय आलं, पैसे कधीपर्यंत परत मिळतील, आणि भरायचे कसे. आयोजकाची जीएसटी नोंदणी असेल तर ‘जीएसटीसह’ की ‘अधिक जीएसटी’ हेही लिहावं. ३,००० वाचून आलेल्या माणसाला पैसे भरताना १८ टक्क्यांनी वाढलेला आकडा दिसला, तर त्याला फसल्यासारखं वाटतं. आणखी एक बारीक गोष्ट अशी की यूपीआयने पैसे पाठवताना समोर खातेदाराचं नाव येतं. कॅप्शनमध्ये स्टुडिओचं नाव आणि पडद्यावर भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं, की सावध माणूस हात आखडता घेतो. खातं कोणाच्या नावाने आहे, ते आधीच सांगून टाकावं.

सोबत काय आणायचं ही यादी कॅप्शनमध्ये शेवटी येते आणि घाईत लिहिली जाते. तिच्यातली प्रत्येक वस्तू वेळापत्रकातल्या कोणत्या तरी वेळेसाठी असते. मंडईतून नऊला बाहेर पडून दहाला फोटो पडद्यावर हवेत, म्हणून कार्ड रीडर किंवा कॅमेऱ्याची केबल हवी. बॅटरी आणि कार्ड सगळे आणतात, ही एकच वस्तू हमखास घरी राहते. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला जमलेला माणूस चार्जिंगसाठी प्लग कुठे शोधणार? म्हणून बॅटरी रात्रीच पूर्ण चार्ज केलेली हवी. कार्ड रिकामं हवं, नाहीतर गेल्या गणपतीतले फोटो वाटेतच घाईघाईने डिलीट करण्याची वेळ येते. १६ जीबीचं कार्ड दोन दिवसांना भरपूर होतं. ट्रायपॉड आणू नये असंही लिहावं. नव्याने घेतलेला ट्रायपॉड माणूस हौसेने आणतो आणि मंडईच्या वाटेत तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतो.

यादीच्या वर एक ओळ मी आग्रहाने टाकतो: ‘कॅमेरा आठ दिवस आधी चालू करून बघा.’ आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, बंद कपाटातल्या लेन्सवर बुरशी चढते. लेन्स काढून खिडकीच्या उजेडासमोर धरायची आणि आरपार बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी. धूळ ठिपक्यांची असते, बुरशीला फांद्या फुटलेल्या असतात. सुरुवातीची बुरशी फोटोत फारशी दिसत नाही, पण वाढली की फोटो धुरकट येतात, आणि ती साफ करायला दुकानात द्यावी लागते. वर्षानुवर्षं चार्ज न केलेली बॅटरीही बऱ्याचदा मेलेली निघते. आठ दिवस आधी कळलं तर दुसरी मागवता येते. शनिवारी सकाळी दहाला कळलं, तर तो माणूस दोन दिवस शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात डोकावत बसतो.

एवढं ठरलं की कॅप्शन जवळजवळ आपोआप लिहून होते:

‘कॅमेरा घेतलाय, पण ऑटोवरून कधी हलवला नाही? अशांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा. पुणे, शनिवार १२ आणि रविवार १३ डिसेंबर २०२६.

शनिवारी १० ते ५, सदाशिव पेठेतील सभागृहात (जेवणासह). रविवारी ६.४५ ते ९ महात्मा फुले मंडईत प्रत्यक्ष फोटो, नाश्ता, १० ते १२.३० त्याच फोटोंवर चर्चा.

काय जमायला लागेल: कमी उजेडात न हललेला फोटो काढणं, माणूस स्पष्ट आणि मागचं पुसट ठेवणं, फोटो बिघडला तर का बिघडला ते ओळखणं. एडिटिंग आणि फ्लॅश यात नाही.

फक्त १२ जागा, कारण प्रत्येकाच्या फोटोंवर स्वतंत्र चर्चा होईल. वय १६ पूर्ण.

फी ३,००० रुपये. चहा, जेवण, नाश्ता, छापील टिपणं आणि तुमच्या एका फोटोची प्रिंट यात आली. ५ डिसेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत. त्यानंतर तुमच्याऐवजी दुसरं कोणी येऊ शकेल. ८ पेक्षा कमी नोंदणी झाल्यास कार्यशाळा रद्द आणि सर्वांना पूर्ण पैसे परत.

सोबत आणा: डायलवर M असलेला कोणताही कॅमेरा आणि लेन्स (या कार्यशाळेला मोबाइल पुरणार नाही), चार्ज केलेली बॅटरी, रिकामं मेमरी कार्ड, कार्ड रीडर किंवा केबल, वही. ट्रायपॉड नको. कॅमेरा आठ दिवस आधी चालू करून बघा. काही अडलं तर आम्हाला विचारा.

नोंदणी व्हॉट्सॲपवर. शेवटची तारीख ८ डिसेंबर.’

याखाली आयोजकाचं नाव, क्रमांक आणि खातं कोणाच्या नावाने आहे ते. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे की नाही, हेही लिहावं. निवृत्तीनंतर कॅमेरा हातात घेतलेल्या काका-काकूंची संख्या अशा वर्गांत चांगली असते.

पहिल्या दोन ओळींत कोणासाठी, काय, कुठे आणि कधी हे सगळं आलंय, ते मुद्दाम. इन्स्टाग्रामवर फोटोखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. तिथे कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबताही येत नाही, त्यामुळे नोंदणीची लिंक प्रोफाइलवर ठेवून तसं सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर अडचण वेगळी असते. फोटो पुढे पाठवताना कॅप्शन अनेकदा मागेच राहते आणि नुसतं पोस्टर फिरत राहतं. म्हणून तारीख, गाव, फी आणि क्रमांक पोस्टरवरही हवेत. आणि ‘येत्या शनिवारी’ हे शब्द कुठेही नकोत. ही पोस्टरं पुढच्या वर्षीसुद्धा कोणाच्या तरी सोसायटीच्या ग्रुपवर उगवतात, आणि एखादा माणूस सुट्टी टाकून सभागृहाच्या दारात उभा राहतो. तारखेबरोबर वार आणि साल लिहिलं, की हा घोटाळा होत नाही. वार मात्र कॅलेंडर समोर ठेवून तपासावा.

पोस्टरवरच्या फोटोबद्दलही बोललं पाहिजे. ताडोबातला वाघ लांब पल्ल्याच्या, लाखोंच्या घरातल्या लेन्सने टिपलेला असतो, आणि १८-५५ घेऊन आलेल्या माणसाला दोन दिवसांत तो काढता येणार नसतो. आधीच्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थिनीने मंडईत काढलेला फोटो तिच्या परवानगीने आणि तिच्या नावासकट लावावा. पहिलीच तुकडी असेल, तर शिक्षकाने स्वतः किट लेन्स घेऊन एका रविवारी त्याच वेळी मंडईत जावं आणि तिथलाच फोटो लावावा. त्या फेरीत उजेड किती आहे ते कळतं, कोणते गाळे सकाळी उघडे असतात ते कळतं, आणि गाळेवाल्यांशी बोलून कोणाला फोटो चालतील, कोणाला नाही, हेही आधीच विचारून घेता येतं.

पोस्ट टाकल्यावर काम संपत नाही. जागा भरत जातील तसा कॅप्शनमधला आकडा बदलावा: ‘१२ पैकी ५ जागा शिल्लक.’ बारा पूर्ण झाल्या की पहिल्याच ओळीत ‘नोंदणी पूर्ण’ लिहावं आणि प्रतीक्षा यादीसाठी नावं घ्यावीत. तेरावा माणूस ओळखीचा असला तरी त्याला पुढच्या तुकडीची तारीख द्यावी, कारण रविवारच्या अडीच तासांत त्याची नऊ मिनिटं कोणाच्या तरी वाट्यातून जाणार असतात. आणि एकच प्रश्न तीन जणांनी विचारला, तर तिघांना उत्तर देऊन झाल्यावर ते उत्तर त्याच संध्याकाळी कॅप्शनमध्ये घालावं.